टायमरकाका

काही माणसांना काम करायचा कंटाळा असतो. आमच्या टायमरकाकांना तसा मुळीच नाही. त्यांना कंटाळा येतो तो तेच काम दुसऱ्यांदा करण्याचा. पहिल्यांदा ते कुठलंही काम मन लावून, बनियन भिजेपर्यंत करतात. दुसऱ्या दिवशी तेच करायची वेळ आली की कुणीतरी चारचौघांत पाणउतारा केल्यासारखा चेहरा होतो आणि ते स्क्रूड्रायव्हर शोधायला उठतात.

पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढली. भट्टीचं तापमान वाढलं की झडप आपोआप बंद, बॉयलरचा दाब चढला की भोंगा आपोआप सुरू. निवृत्तीनंतर धायरीच्या बंगलीत भट्टीही नव्हती आणि बॉयलरही, तेव्हा त्यांनी घरावर हात फिरवला. टाकी भरली की मोटर बंद, अंधारलं की फाटकावरचा दिवा चालू, तुळशीला सकाळी सहाला ठिबक. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र काकूंनी त्यांना थांबवलं. "घंटा मीच वाजवणार," एवढंच त्या म्हणाल्या, आणि काका हातातली रिले खिशात घालून मुकाट्याने परत फिरले.

असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्या टेबलावर उघडून ठेवलेले रिमोट असतात. दाराआड कुठल्याही क्षणी काहीतरी 'टिक्' करतं. "हे कसं चालतं हो?" असं चुकून विचारणाऱ्या पाहुण्याचा चहा गार झाल्याशिवाय राहत नाही.

तर असे हे काका अळंबीच्या नादाला लागले. मागच्या अंगणातली, पूर्वी भाडेकरूला दिलेली खोली रिकामी होती. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, नऊ फूट उंच. काकूंनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचं प्रशिक्षण घेतलं, धिंगरीचं बियाणं आणलं आणि मार्चमध्ये तीस पिशव्या भरल्या. गव्हाचं काड रात्रभर भिजवायचं, ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं. मुठीत दाबल्यावर तळवा ओला व्हावा पण थेंब पडू नये, इतपत ओल राहिली की थरावर थर देत बियाणं पेरायचं. या सगळ्यात आपोआप करण्यासारखं काही नसल्यामुळे काकांनी त्यात लक्ष घातलं नाही. ते काकूंनी आणि धुण्याभांड्याच्या मावशींनी उरकलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस काकांना फार जड गेले. या काळात पांढरी बुरशी काडात पसरत असते. तिला उजेड नको, धुकं नको, वाराही बेताचाच लागतो. बंद पिशवी आपली ओल आपणच धरून ठेवते. थोडक्यात, खोलीला कुलूप लावायचं आणि आपण गप्प बसायचं. काकांनी तेवढ्यातही एका पिशवीच्या पोटात थर्मामीटर खुपसलाच. आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त निघालं, तेव्हा 'जिवंत वस्तू आहे, गरम होते' असा शोध त्यांनी फाटकाशी उभं राहून सगळ्यांना ऐकवला.

पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, काकूंनी प्लास्टिक कापून काढलं, आणि काकांचे दिवस आले. उघड्या गठ्ठ्यांना आता तीन गोष्टी हव्या होत्या : ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता, ताजी हवा आणि दिवसातले काही तास साधा उजेड. तिन्ही गोष्टींना यंत्र होतं आणि प्रत्येक यंत्राला बटण होतं. काकांनी भिंतीत सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. निळ्या पिंपात अल्ट्रासॉनिक फॉगर सोडला आणि त्याचं धुकं पीव्हीसी पाइपातून खोलीत आणलं. वर एलईडीची पट्टी लावली. दाराशेजारी फळी ठोकून त्यावर आर्द्रतेचा कंट्रोलर मांडला. लाल आकड्यांचा तो डबा चालू झाला, तेव्हा काकांनी चप्पल बाहेर काढून आत पाऊल टाकलं. काकू म्हणाल्या, "देवघरात तरी कधी काढली होती का?"

कंट्रोलरला आज्ञा होती की आर्द्रता पंच्याऐंशीच्या खाली गेली की फॉगर सुरू, ब्याण्णवला बंद. पंख्याला वेगळा टायमर होता, पंधरा मिनिटं चालू, पंधरा मिनिटं बंद. काका खुर्ची टाकून बाहेर बसले आणि आकड्याकडे बघू लागले. आपल्याला लक्ष द्यावं लागू नये म्हणून ज्यांनी हे सगळं केलं, ते आता दिवसभर त्याच्यावरची नजर काढत नव्हते. ही या जातीच्या माणसांची खूणच आहे.

आकडा उत्तम होता. नव्वद, एक्याण्णव, कधी थेट 99.9. आत मात्र टाचणीच्या डोक्याएवढी आलेली अळंबी पिवळट पडून सुकू लागली होती.

"अहो, खोली कोरडी आहे," काकू म्हणाल्या.

"अगं, नव्वद दाखवतंय."

"ते दाखवतंय. ही वाळतायत."

यावर काकांनी जे केलं ते कुठल्याही जुन्या इन्स्ट्रुमेंटवाल्याने केलं असतं. मीटरवर शंका आली की आधी मीटर तपासायचा. त्यांनी काकूंची लोणच्याची रिकामी बरणी घेतली. वाटीभर साध्या मिठात जेमतेम भिजेल इतकं पाणी घातलं. मीठ विरघळून जाता कामा नये, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ती वाटी बरणीत ठेवून वर सेन्सर टांगला आणि झाकणाची फट टेपने बंद केली. ओलं मीठ बंद जागेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर आणून तिथेच धरून ठेवतं. हिवाळा असो की उन्हाळा, त्यात फारसा फरक पडत नाही. रात्रभर थांबून सकाळी बघितलं तर सेन्सर म्हणत होता त्र्याण्णव. म्हणजे अठरा टक्के थाप.

थापेचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सेन्सर धुक्याच्या पाइपाच्या तोंडासमोरच टांगलेला होता. डीएचटी-22 नावाचा हा पांढरा जाळीदार सेन्सर स्वस्त आणि कामसू असतो, पण त्याच्यावर पाणी साचत राहिलं की तो बिघडतो. मग कोरड्या हवेतही तो वरचेच आकडे सांगत राहतो, नाहीतर 99.9 ला चिकटून बसतो. आणि तो धडधाकट असता तरी त्या जागी टांगून उपयोग नव्हता. पाइपाच्या तोंडाशी असलेली हवा खोलीची नसतेच. काकांनी नवा सेन्सर आणला, त्याच बरणीत पारखून घेतला आणि धुक्यापासून दूर, गठ्ठ्यांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर टांगला. आता डबा खरं बोलू लागला. खोलीची आर्द्रता होती छप्पन टक्के.

नवा सेन्सर लागल्यापासून फॉगर तर अखंड चालू होता. मग पाणी जात कुठे होतं? या प्रश्नावर काकांनी वहीचं एक पान खर्ची घातलं. ते पान मला सक्तीने वाचावं लागलं, म्हणून इथे देतो. खोलीत हवा साधारण वीस घनमीटर. पंखा मिनिटाला चार घनमीटर बाहेर फेकतो, म्हणजे पाच मिनिटांत खोली रिकामी. एप्रिलच्या दुपारी बाहेर अडतीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता. अशा एका घनमीटर हवेत नऊ ग्रॅम पाणी असतं. आत सत्तावीस अंशांना नव्वद टक्के हवे असतील तर तेवीस ग्रॅम लागतं. म्हणजे आत आलेल्या प्रत्येक घनमीटरला चौदा ग्रॅम पाणी पाजायचं. पंखा तासातला अर्धा तास चालतो, तेवढ्यात एकशे वीस घनमीटर हवा आत येते. गुणाकार केला तर तासाला जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी झालं. आणि एका चकतीचा फॉगर सगळा जीव एकवटून तासाला देतो साडेतीनशे मिलीलिटर.

एका खात्याने रस्ता करायचा आणि दुसऱ्याने तो लगेच खणायचा, तशातला हा प्रकार. दोन्ही यंत्रं आपापल्या आज्ञेप्रमाणे बिनचूक चालत होती. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं तेवढं राहिलं होतं.

इथे काकांचा स्वभाव आडवा आला. आकडा पडतो कशामुळे? पंख्यामुळे. मग पंखा बंद! पंखा बंद झाला आणि आकडा ब्याण्णववर असा काही स्थिरावला की काकांनी त्याचा फोटो काढून कारखान्यातल्या जुन्या मित्रांना पाठवला. तिकडून अंगठे आले.

तिसऱ्या दिवशी काकू एक घोस हातात घेऊन बाहेर आल्या. धिंगरी शिंपल्यासारखी पसरट असायला हवी, दांडा आखूड आणि टोपी रुंद. हिचा दांडा करंगळीएवढा लांब, आणि टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी टोपी. "ह्यांना गुदमरतंय," काकू म्हणाल्या. आणि अगदी तसंच होतं. अळंबी आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. खोलीत तो साचला की ती टोपी उघडायचं सोडून मोकळ्या हवेच्या शोधात दांडाच लांबवत राहते. लांब दांडे आणि बारीक टोप्या दिसल्या की हवा कमी पडते आहे. टोप्यांच्या कडा कोरड्या पडून चिरल्या तर ओल कमी आहे. टोपीवर पाणी थबथबून पिवळे चिकट डाग पडले तर ओल जास्त झाली आहे. या तीन खुणा काकूंना प्रशिक्षणात सांगितल्या होत्या. काकांच्या डब्याला यातली एकच गोष्ट कळत होती, आणि ज्याला आकडा नाही ते काकांच्या लेखी घडतच नव्हतं.

त्यांनी ताबडतोब कार्बन डायऑक्साइडचा मीटर मागवायचं ठरवलं. किंमत ऐकून काकू म्हणाल्या, "दांडे फुकट दिसतात." मीटर आला नाही.

मग मात्र काकांनी खरोखर डोकं चालवलं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी पंखा वीस मिनिटांत तीनच मिनिटं चालेल असा लावला. त्यामुळे तासाला छत्तीस घनमीटर हवा आत येणार, म्हणजे खोलीतली हवा तासात जेमतेम दोनदा बदलणार. तीस गठ्ठ्यांना तेवढी पुरते की नाही, ते दांड्यांना विचारायचं. पंखा फिरत असताना फॉगरचा वीजपुरवठाच तुटेल अशी रिले घातली. आधी शिळी हवा बाहेर, मग पंखा गप्प, आणि नंतर उरलेली सतरा मिनिटं फॉगरच्या हवाली. तेवढ्यात हवं तितकं धुकं त्याने द्यावं आणि आकडा गाठला की थांबावं. पुढच्या खेपेला पंखा आला की टोप्यांवरचे थेंबही सुकून जातात, हा वरचा फायदा.

तरी हिशोब थोडा कमीच पडत होता. छत्तीस गुणिले चौदा म्हणजे तासाला पाचशे ग्रॅम, आणि तासातल्या एक्कावन्न मिनिटांत फॉगर देणार जेमतेम तीनशे. काका दुसऱ्या चकतीचा विचार करू लागले, तेवढ्यात मावशींनी हवा आत यायच्या खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. त्यांच्या गावाकडे माठाच्या खोलीला बांधतात तसं. बाहेरची भट्टीसारखी हवा ओल्या गोणपाटातून आत आली की निवते आणि निम्मी तहान तिथेच भागवून घेते. फॉगरचं काम अर्ध्यावर आलं. काका बराच वेळ त्या गोणपाटाकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ठिबकची नळी आली आणि तिला टायमर लागला. ओलं करायचं काम मावशींना दुसऱ्यांदा करू द्यायचं नाही, एवढं औदार्य त्यांच्यात आहे.

पाण्याची भानगड त्यामानाने छोटी. पहिल्या आठवड्यात पिंपात बोअरचं पाणी होतं. फॉगर पाणी उकळत नाही, ते हादरवून त्याचे बारीक कण उडवतो. त्यामुळे पाण्यातले क्षारही धुक्याबरोबर उडतात आणि पाणी वाळलं की मागे राहतात. एलईडीच्या पट्टीवर, फळीवर, काकांच्या चष्म्यावर पिठासारखी पांढरी पूड बसली. चकतीवरही खवले धरले आणि धुकं मंदावलं. तेव्हापासून पिंपात स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पाणी जातं, आणि चकती अधूनमधून व्हिनेगरने पुसली जाते. काकू म्हणतात, "आम्ही बोअरचं प्यायलं तरी चालेल, यंत्राला बाधता कामा नये."

राहता राहिला उजेड. त्यात काही बिघडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अळंबी काही झाडासारखी उजेडावर जगत नाही. वर्तमानपत्र वाचता येईल इतपत उजेड दिवसातले काही तास मिळाला, तर ती नीट दिशा धरून वाढते आणि तिचा आकार चांगला येतो, एवढंच. काकांनी त्यासाठी साधा चकतीचा टायमर लावला. गोल तबकडी, कडेने पंधरा-पंधरा मिनिटांच्या खिट्ट्या. सकाळी आठला दिवा चालू, दुपारी चारला बंद.

या टायमरचं घड्याळ विजेवर चालतं. वीज गेली की ते थांबतं, आणि आली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघतं. मधे किती वेळ गेला याचा त्याला पत्ता नसतो. आमच्याकडे त्या महिन्यात दर गुरुवारी कुठल्यातरी दुरुस्तीसाठी पाच-पाच तास वीज जात होती. तीन गुरुवारांत घड्याळ पंधरा तास मागे पडलं. दिवा आता रात्री अकराला लागत होता आणि सकाळी सातला विझत होता. दिवसा खिडकीतून थोडाफार उजेड यायचाच, त्यामुळे अळंबीची काही तक्रार नव्हती. तक्रार होती शेजारच्या सोसायटीच्या रखवालदाराची. मध्यरात्री त्या खोलीत पांढराफटक उजेड पडतो, खिडकीच्या फटीतून धूर निघतो, मग घरघर होते आणि धूर नाहीसा होतो, असं त्याने सेक्रेटरींना सांगितलं आणि त्या बाजूची रात्रीची फेरी बंद केली. सेक्रेटरी सकाळी चौकशीला आले. काकांनी त्यांना घरघर म्हणजे काय, धूर म्हणजे काय आणि तीन मिनिटंच का, हे सगळं चहासह समजावलं. चहा अर्थात गार झाला. जाताना सेक्रेटरी पाव किलो धिंगरी घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. रखवालदार मात्र अजूनही त्या बाजूला फिरकत नाही. आतमध्ये बॅटरीचा सेल असलेला डिजिटल टायमर आता लावला आहे. वीज गेली तरी त्याची वेळ चुकत नाही.

काढणीचं यंत्र काकांना अजून जमलेलं नाही. धिंगरी टाचणीच्या डोक्याएवढी असते तेव्हा ती दिवसचे दिवस तशीच बसून असल्यासारखी वाटते, आणि मग एका रात्रीत दुप्पट होते. टोपीची कड खाली वळलेली असते तोवर ती पिळून काढायची. कड सपाट होऊन वर वळू लागली की ती बीजाणू उडवायला लागते. त्या बारीक भुकटीने पंख्याची पाती आणि सेन्सरची जाळी भरते, आणि खोलीत तोंड न झाकता जाणारा माणूस खोकत बाहेर येतो. एकदा काकांनी 'दर चौथ्या दिवशी सकाळी आठला काढणी' असं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. अळंबी त्याच्या आदल्या संध्याकाळीच तयार झाली. काका आठची वाट बघत राहिले आणि सकाळी सबंध खोलीवर पिठी साखर भुरभुरल्यासारखी भुकटी बसली होती. तेव्हापासून काकू रोज पहाटे तोंडाला पदर बांधून कडा बघतात आणि काढायची की नाही ते ठरवतात. काका मागे उभे राहून, किती वाजता काढली हे वहीत टिपतात. पुढेमागे त्यातून काही सूत्र निघेल अशी त्यांना आशा आहे.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला आणि बाहेरच्या हवेतच पंच्याऐंशी-नव्वद टक्के ओल आली. गोणपाट काढलं, ठिबक बंद झालं, फॉगर सुरू व्हायचंच विसरला. पंखा आणि दिवा एवढ्यावर खोली चालली आहे आणि यंदाचा सगळ्यात चांगला बहर याच दिवसांत आला. काका उदास आहेत. बाहेरची हवा पुरेशी ओली आहे हे ओळखून फॉगरला सुट्टी देणारा दुसरा सेन्सर खिडकीबाहेर बसवायचं त्यांच्या मनात आहे. काकूंनी तूर्त फॉगरचा प्लग काढून कपाटात ठेवला आहे, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे.